परफ्यूम, ईडीपी, ईडीटी, कोलोन: बाटलीत अर्क किती, टिकतो किती आणि दिवसाला पडतो कितीला?

ईद किंवा घरातलं लग्न जवळ आलं की खुशबूची खरेदी होतेच. अत्तराच्या दुकानात गेलं की बोलणं सोपं असतं. शिशी तीन मिलीची, सहा मिलीची की तोळ्याची, एवढंच ठरवायचं. पण स्प्रेच्या बाटल्यांच्या कपाटासमोर गोंधळ उडतो. एकच नाव, सारखीच बाटली, पण एकीवर ओ द टॉयलेट लिहिलेलं, दुसरीवर ओ द पार्फम आणि तिसरीवर नुसतं पार्फम. किमतीत मात्र हजार-दोन हजारांचा फरक. दुकानदार म्हणतो, "भाई, हा जास्त स्ट्राँग आहे." हे बऱ्याचदा खरं असतं, पण पूर्ण खरं नसतं. त्या फरकाचे पैसे द्यावेत की नाही, हे ठरवण्यापुरती माहिती आम्ही इथे देत आहोत.

आधी 'टॉयलेट' या शब्दाचं. पाहुण्यांसमोर हा शब्द उच्चारायला अनेकांना संकोच वाटतो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आवरणं, नटणं असा आहे आणि मूळ शब्द कापडाशी जोडलेला आहे. 'ओ' म्हणजे पाणी. म्हणजे ओ द टॉयलेट हे आवरून झाल्यावर अंगावर शिंपडायचं सुगंधी पाणी. बोलताना लोक ईडीटी म्हणतात, आणि ओ द पार्फमला ईडीपी. पुढे आम्हीही तेच शब्द वापरू.

बाटलीत नेमकं असतं काय?

स्प्रेच्या बाटलीत मुख्यतः तीनच गोष्टी असतात: सुगंधाचा अर्क, अल्कोहोल आणि थोडं पाणी. अर्क म्हणजे फुलं, लाकूड, फळांच्या साली यांची तेलं आणि प्रयोगशाळेत बनवलेले सुगंधी पदार्थ यांचं मिश्रण. दुकानदार त्याला 'कंपाउंड' म्हणतात. शंभर भागांत हा अर्क किती भाग आहे, त्यावरून बाटलीला नाव मिळतं.

पार्फम, ज्याला एक्स्ट्रेट असंही म्हणतात, त्यात साधारण 20 ते 30 टक्के अर्क असतो, क्वचित त्याहून जास्त. ईडीपीमध्ये साधारण 15 ते 20 टक्के, ईडीटीमध्ये 5 ते 15 टक्के आणि कोलोनमध्ये 2 ते 5 टक्के. बॉडी मिस्ट म्हणून मिळणाऱ्या मोठ्या बाटल्यांत त्याहूनही कमी.

हे आकडे म्हणजे धंद्यातला रिवाज आहे, कायदा नाही. अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर ईडीपी लिहायचं नाही, असं बंधन कंपन्यांवर नसतं. म्हणूनच एका कंपनीची ईडीटी दुसऱ्या कंपनीच्या ईडीपीपेक्षा दाट निघू शकते. आणि नावापुढे जोडलेले 'इंटेन्स', 'एलिक्झिर', 'अ‍ॅब्सोल्यू' हे शब्द तर सरळ जाहिरातीचे. त्यांना कुठलंच ठरलेलं माप नाही.

लेबल वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. परदेशी बाटलीवर 80% व्हॉल्यूम असं छापलेलं दिसतं आणि 80 टक्के अर्क आहे असं समजून माणूस खुश होतो. तो आकडा अल्कोहोलचा असतो. दुसरं म्हणजे मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीत 'पार्फम' हा शब्द असतो. तिथे त्याचा अर्थ फक्त 'सुगंधी मिश्रण' एवढाच. साबणाच्या वेष्टनावर आणि शाम्पूवरही तो तसाच सापडेल. बाटलीची जात समोरच्या बाजूला, नावाखाली लिहिलेली असते. तीच पाहायची.

दुप्पट अर्क म्हणजे दुप्पट वेळ का नाही?

ईडीटीत 10 टक्के आणि पार्फममध्ये 20 टक्के अर्क असेल तर पार्फम दुप्पट वेळ टिकेल, असा सरळ हिशोब आपण करतो. तो चुकतो, कारण वास संपतो तो उडून जाण्याने. आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या वेगाने उडतो.

समजा एखादा पदार्थ अंगावर दर तासाला निम्मा उरतो आणि सव्वा भाग उरला की आपल्या नाकाला तो कळेनासा होतो. दहा भागांपासून सुरुवात केली तर एका तासाने पाच, दोन तासांनी अडीच, तीन तासांनी सव्वा. म्हणजे तीन तास वास आला. आता वीस भागांनी सुरुवात करा. पहिल्या तासात तो दहावर येतो आणि पुढे तोच हिशोब. एकूण चार तास. अर्क दुप्पट केला, पण वेळ वाढला फक्त एक तास. प्रत्यक्षात गोष्टी एवढ्या काटेकोर नसतात, पण चाल हीच असते.

आता दुसरा पदार्थ घ्या, जो निम्मा व्हायला सहा तास लावतो. दहा भागांचा तो पदार्थ तीन तासांऐवजी अठरा तास कळत राहील. अर्काचं प्रमाण तेवढंच, तरी टिकणं सहापट. यावरून दिसतं की बाटलीत किती घातलंय यापेक्षा काय घातलंय याला जास्त वजन आहे.

लिंबू, संत्रं, बर्गमोट यांच्या सालीची तेलं सगळ्यात आधी उडतात. अर्ध्या-एक तासात त्यांचा जोर संपतो. गुलाब, मोगरा, लव्हेंडर मधले. चंदन, ऊद, कस्तुरीसारखे वास, अंबर, व्हॅनिला हे तळाला बसून राहणारे. रात्री काढून ठेवलेल्या कुर्त्याला सकाळी जो वास येतो, तो यांचाच.

कोलोन टिकत नाही ही तक्रार यावरून समजून घेता येईल. जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फरीना या इटालियन माणसाच्या घराण्याने 1709 पासून हा धंदा चालवला. त्याचं सुगंधी पाणी बर्गमोट आणि लिंबूवर्गीय तेलांवर उभं होतं, आणि शहराचं नाव त्या पाण्याला चिकटलं. म्हणजे कोलोन हे फक्त पातळपणाचं नाव नाही, ती एक वासाची जातही आहे. त्यात तेल कमी, आणि जे आहे तेही उडून जाणारं. एक-दोन तास ताजं वाटावं यासाठीच ते बनवलेलं असतं. उन्हाळ्यात दुपारच्या गुस्लनंतर ते छान वाटतं. त्याच्याकडून सकाळपासून मगरिबपर्यंतची अपेक्षा करणं म्हणजे सरबताकडून जेवणाची अपेक्षा करणं.

उलट उदाहरण डिओर कंपनीच्या 'सॉवाज'चं. आपल्याकडच्या तरुणांमध्ये हा वास एवढा चालतो की अत्तरवालेही 'सॉवाजसारखा' म्हणून शिशी पुढे करतात. त्याची ईडीटी 2015 साली आली, ईडीपी 2018 साली, पार्फम 2019 साली आणि एलिक्झिर 2021 साली. ईडीटीत बर्गमोट आहे, मिरपुडीचा तिखटपणा आहे आणि त्याखाली भरपूर अ‍ॅम्ब्रॉक्सान आहे. हा पदार्थ म्हणजे अंबराच्या वासाची कारखान्यात केलेली नक्कल, आणि तो फार सावकाश उडतो. त्यामुळे नावाने ईडीटी असूनही ती अनेकांच्या अंगावर सहा-सात तास सहज राहते. मग त्याच नावाच्या पार्फमला जास्त पैसे का द्यायचे? कारण ते त्याच वासाचं नुसतं दाट रूप नाही. पाककृतीच बदललेली आहे. पार्फममध्ये चंदन आणि मऊ, गोडसर बाजू पुढे येते, ईडीटीचा टोकदारपणा कमी होतो. कुणाला ईडीटीच जास्त आवडते, आणि त्यात 'स्वस्तातलं घेतलं' असं काही नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच असतं. म्हणून ईडीटी आवडली म्हणून न हुंगता त्याच नावाची ईडीपी मागवू नये.

दाट अर्काची आणखी एक खोड आहे. अल्कोहोल उडताना वास हवेत उचलून नेतो. ज्यात अल्कोहोल जास्त, त्या ईडीटीचा वास सुरुवातीला लांबपर्यंत पसरतो. पार्फम अंगाजवळ राहतं आणि हळूहळू बोलतं. अत्तराचंही तसंच. पहिल्या पंधरा मिनिटांत ईडीटी जिंकली म्हणून ती जास्त 'स्ट्राँग' ठरत नाही. गर्दीच्या सफेत शेजारच्या नमाजीला त्रास होऊ नये असं वाटत असेल, तर अंगाजवळ राहणारी खुशबूच बरी.

किमतीचा हिशोब

बाटलीची किंमत बाटलीशी ताडून काही कळत नाही. ती दिवसाच्या खर्चावर आणावी लागते. खालच्या किमती आम्ही फक्त हिशोबासाठी धरल्या आहेत. दुकानातल्या खऱ्या किमती घालून तुम्ही तोच हिशोब करू शकता.

समजा एका वासाची 100 मिलीची ईडीटी 2,000 रुपयांना आहे, 50 मिलीची ईडीपी 2,400 ला आणि 30 मिलीचं पार्फम 3,000 ला. ईडीटीत 10 टक्के अर्क धरला तर बाटलीत 10 मिली अर्क झाला, म्हणजे अर्काचा दर मिलीला 200 रुपये. ईडीपीत 18 टक्के धरला तर 9 मिली अर्क, दर साधारण 267 रुपये. पार्फममध्ये 25 टक्के धरला तर साडेसात मिली अर्क आणि दर 400 रुपये. या हिशोबात ईडीटी सगळ्यात स्वस्त दिसते.

पण आपण अर्क विकत घेत नाही, दिवसभराचा वास विकत घेतो. एका दाबात साधारण 0.1 मिली बाहेर पडतं. म्हणजे 100 मिलीत हजार दाब, 50 मिलीत पाचशे आणि 30 मिलीत तीनशे. ईडीटी सकाळी चार दाब मारली आणि दुपारनंतर पुन्हा चार, तर दिवसाला आठ. बाटली 125 दिवस चालली आणि दिवसाचा खर्च 16 रुपये. ईडीपीचे सकाळचे चार दाब पुरले तर तीही 125 दिवस चालते, खर्च 19 रुपयांच्या आसपास. पार्फमचे दोन दाब पुरले तर 150 दिवस, खर्च 20 रुपये. दुकानात जो फरक हजार रुपयांचा दिसत होता, तो वापरात तीन-चार रुपयांवर आला.

हा हिशोब उलटायलाही वेळ लागत नाही. ईडीटी दुपारी परत मारायची गरज पडली नाही, सॉवाजसारखी ती स्वतःच टिकणारी असली, तर खर्च 8 रुपयांवर येतो आणि ईडीपीचे जास्तीचे पैसे वाया जातात. दुसरीकडे, सवयीने पार्फमचेही सहा दाब मारणारा माणूस दिवसाला 60 रुपये उडवतो. आमच्या मते घरात एकच बाटली सगळे वापरत असतील तर 100 मिलीची चांगली ईडीटी परवडते. एकट्याला रोज कामावर जाताना लावायची असेल तर लहान ईडीपी. पार्फम घ्यायचंच असेल तर आधी हुंगून, वासच आवडला म्हणून घ्यावं.

अत्तर यात कुठे बसतं?

'अत्तर म्हणजे शंभर टक्के तेल' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. शंभर टक्के तेलकट, हे खरं. शंभर टक्के सुगंध, हे बहुतेक वेळा खरं नाही. कन्नौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगमध्ये फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि तिथे आधीच ठेवलेल्या चंदनाच्या तेलात फुलांचा वास उतरतो. तिथे आधार आणि सुगंध दोन्ही चंदनच देतं. पण चंदन फार महाग झालं. आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त अत्तरांत तयार कंपाउंड असतं आणि ते वास नसलेल्या जड द्रवात पातळ केलेलं असतं. दुकानदार त्याला डीपीजी किंवा नुसतं 'बेस' म्हणतात. त्यात गैर काही नाही, फक्त प्रमाण विचारायला हवं. तोळ्याच्या शिशीत, म्हणजे साधारण 12 मिलीत, निम्मा बेस असेल तर सुगंध सहाच मिली.

घट्टपणा पाहून अत्तराची ताकद ठरवू नका. बेस स्वतःच घट्ट असतो. कागदावर थेंब टाकून डाग पाहण्याची पद्धतही अर्धीच कामाची आहे. दुसऱ्या दिवशी वास पूर्ण गेला आणि तेलकट डाग राहिला, तर बेस जास्त होता असं म्हणता येईल. मात्र चंदन किंवा ऊद असेल तर डागही राहतो आणि वासही, त्यामुळे नुसत्या डागावरून काही ठरत नाही. अल्कोहोलचं मात्र लगेच कळतं. तळहातावर थेंब घासला की गार लागलं आणि क्षणात सुकलं, तर त्यात अल्कोहोल आहे, शिशीवर काहीही लिहिलेलं असो.

मुंबईत मोहम्मद अली रोडला आणि इतर शहरांतही अत्तराच्या दुकानांत समोर स्प्रे भरून देतात. तिथे नाव नाही, माप चालतं, आणि ते डोळ्यांनी दिसतं. 50 मिलीच्या बाटलीत 10 मिली कंपाउंड आणि 40 मिली अल्कोहोल घातलं तर ते 20 टक्के झालं, म्हणजे ईडीपीच्या वरच्या टोकाला. पाच मिली घातलं तर 10 टक्के, म्हणजे ईडीटी. सांगायचं एवढंच, "भाई, कंपाउंड किती मिली, मापाने दाखवा." अशी ताजी भरलेली बाटली पहिल्या दिवशी अल्कोहोलची झणझणीत लागते. दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, थंड जागी ठेवली की वास मुरतो. लग्नासाठी भरून घ्यायची असेल तर आदल्या दिवशी जाऊ नये.

अल्कोहोलबद्दल

'पार्फम घेतलं म्हणजे अल्कोहोल नाही' हा समज दुकानांत कानावर येतो. तो चूक आहे. अर्क 25 टक्के असला तर उरलेला बहुतेक भाग अल्कोहोलच असतो. ईडीटीत ते आणखी जास्त. घटकांच्या यादीत 'अल्कोहोल डिनॅट.' लिहिलेलं असेल तर ते इथेनॉल आहे, पिता येऊ नये म्हणून त्यात कडू किंवा घाण चवीचे पदार्थ मिसळलेले असतात. आपल्या देशात हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसाच्या मळीपासून बनतं, आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत. मात्र यादीतला प्रत्येक अल्कोहोल शब्द इथेनॉलचा नसतो. फेनेथिल अल्कोहोल हा गुलाबाच्या वासातला नैसर्गिक भाग आहे, सिटाइल अल्कोहोल हा मेणासारखा पदार्थ आहे. त्यांच्यात नशेचा काही संबंध नाही.

नमाजेचा मसला यातूनच येतो. अनेक हनफी आलिम द्राक्षं आणि खजूर सोडून इतर पदार्थांपासून बनलेलं अल्कोहोल बाहेरून लावायला हरकत घेत नाहीत, काही एहतियात म्हणून टाळायला सांगतात. कोकणातली आपली बहुतेक मंडळी शाफई मसलकाची आहेत, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. विचारताना अल्कोहोल कशापासून बनलंय हेही सांगा, म्हणजे जवाब नेमका मिळेल. टाळायचंच ठरलं तर अत्तर आहेच, आणि पाण्यावर बनवलेले अल्कोहोल नसलेले स्प्रेही मिळतात.

घेण्याआधी तपासायचं कसं?

दुकानात कागदी पट्टीवर पाच-सहा वास हुंगले की नाक थकतं आणि सगळं सारखंच लागतं. पट्टीवर फार तर तीन हुंगा. त्यातले दोन निवडून एक डाव्या मनगटावर, एक उजव्या मनगटावर लावा आणि दुकानातून बाहेर पडा. मनगटं एकमेकांवर घासू नका. पंधरा मिनिटांनी हुंगाल तेव्हा उडणारी तेलं बोलत असतात, त्यावर निर्णय घेऊ नका. दोन तासांनी जो वास असेल, तोच तुम्ही दिवसभर वागवणार आहात. जोहरला लावून मगरिबला काय उरलं, ते पाहिलं की टिकण्याचाही अंदाज येतो. वजू करताना मनगटावरून पाणी जातं, म्हणून टिकणं तपासायचं असेल तर कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला लावा.

उरलं की नाही हे मात्र स्वतः ठरवू नका. आपलं नाक ओळखीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. 'एका तासात उडून गेलं' म्हणणाऱ्याच्या अंगाला घरच्यांना वास येत असतो. अम्मीला किंवा बहिणीला विचारा. काही कस्तुरीसारखे कृत्रिम वास तर काही माणसांना मुळातच येत नाहीत, दुसऱ्यांना मात्र स्वच्छ येतात.

कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो. वास नसलेलं क्रीम किंवा व्हॅसलीन हलकंसं लावून त्यावर मारलं तर ईडीटीसुद्धा जास्त वेळ राहते. कपड्यावर वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो, पण रंगीत ईडीपी आणि अत्तर पांढऱ्या कुर्त्यावर पिवळा डाग सोडतात. स्प्रे वीतभर लांबून मारा, अत्तर शिवणीच्या आतल्या बाजूला लावा. बर्गमोटचं कच्चं तेल असलेलं कोलोन मानेवर लावून उन्हात फिरलं तर काहींच्या त्वचेवर काळपट डाग उठतात. उन्हात जायचं असेल तर ते कपड्यावरच मारलेलं बरं.

बाटली ठेवायची ती कपाटात, मूळ खोक्यात. बाथरूमची दमट उष्णता आणि खिडकीतलं ऊन दोन्ही तेलं बिघडवतात. पहिल्यांदा लिंबूवर्गीय ताजेपणा जातो, मग सुरुवातीचा वास आंबूस किंवा वार्निशसारखा लागतो. अशा वेळी कागदावर एक दाब मारून अर्धा तास थांबा. खालचा वास ठीक असेल तर बाटली अजून वापरता येते.